लाईट जाणार असेल तर पेशंटना नोटीस कशी लिहायची?

प्रश्न: "परळला दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटं क्लिनिक आहे, दोन डॉक्टर, छोटी लॅब, लसीकरण. गुरुवारी १४ मेला सकाळी १० ते ४ बिल्डिंगची लाईट बंद राहणार आहे. सरांनी मला पेशंटसाठी नोटीस बनवायला सांगितलंय. 'वीजपुरवठा खंडित असल्याने काही सेवा उपलब्ध नसतील, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं लिहिलंय. एवढं पुरेसं आहे का? अजून काय टाकू?"

नाही, एवढ्याने भागणार नाही. तुमची नोटीस वाचून पेशंटला एकच गोष्ट कळते की काहीतरी बंद आहे. मी आधी लॅब टेक्निशियन होते, गेली बरीच वर्षं लालबागच्या एका क्लिनिकचं सगळं मॅनेजमेंट बघते आणि अशा नोटिसा दरवर्षी लिहिते, कारण पावसाळ्याच्या आधी मेंटेनन्सची कामं निघतातच. पेशंट नोटीस वाचतो ती "मी गुरुवारी जाऊ की नको, जायचं तर किती वाजता" एवढ्याचसाठी. "काही सेवा" मधली त्याची सेवा कुठली हे त्याला कसं कळणार?

लिहायला बसण्याआधी एक काम करा. वॉचमनने सांगितलं किंवा सोसायटीच्या बोर्डावर कागद लागला म्हणून वेळ पक्की धरू नका, लाईट बिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन तुमच्या वीज कंपनीला फोन करून तारीख-वेळ विचारून घ्या. मुंबईत शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण, तर बिल कोणाचं येतं ते बघून फोन करा. शटडाऊन संपूर्ण बिल्डिंगचं आहे की फक्त एका फेजचं तेही विचारा, कारण लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालू राहणार की नाही ते त्यावर ठरतं.

आता मुख्य मुद्दा. लाईट १० ते ४ नाही म्हणजे सगळ्या सेवा १० ते ४ बंद, असं नसतं. प्रत्येक सेवा वेगळ्या वेळेला बंद होते आणि वेगळ्या वेळेला सुरू होते, आणि काही तर बंदच होत नाहीत. डॉक्टर पेशंट तपासतात त्याला स्टेथोस्कोप, बीपीचं मशीन आणि थोडा उजेड लागतो, इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब चालली की काम झालं, म्हणजे ओपीडी चालूच आहे. तुमच्या नोटिशीत नेमकं हेच नाही, त्यामुळे निम्मे लोक क्लिनिक बंद समजून येणारच नाहीत आणि बीपीच्या गोळ्या संपलेला माणूस दोन दिवस गोळीशिवाय राहील. म्हणून पहिली ओळ काय बंद आहे याची नको, काय चालू आहे याची हवी.

लॅबचं मात्र उलटं आहे, ती लाईट जायच्या तासभर आधीच बंद करावी लागते. मी हे का सांगते ते ऐका. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे असंच शटडाऊन होतं आणि नोटीस मीच लिहिली होती, "लॅब सकाळी १० ते ४ बंद" एवढंच. काळाचौकीच्या एक आजी, पंचाहत्तरीच्या, जुन्या डायबिटीसच्या, सकाळी साडेआठला उपाशीपोटी आल्या, रक्त दिलं, नाश्ता करायला घरी गेल्या आणि दोन तासांनी जेवणानंतरच्या शुगरसाठी परत आल्या तोवर अकरा वाजून गेलेले. त्यांच्या दृष्टीने त्या दहाच्या आधीच येऊन गेल्या होत्या, त्यांची चूक काहीच नव्हती. चार जिने चढून आल्यात म्हणून आमच्या मुलीला त्यांना परत पाठवायचं जिवावर आलं, तिने रक्त घेतलं, रोजच्या सवयीने प्लेन बल्बमध्ये, म्हणजे रक्ताच्या साध्या नळीत, आणि ठेवून दिलं. लाईट नाही म्हणजे सेंट्रीफ्यूज नाही, सॅम्पल फिरवता येत नाही, आणि न फिरवलेल्या रक्तातल्या पेशी त्यातली साखर खात राहतात, रूम टेंपरेचरला साधारण तासाला ५ ते ७ टक्के. साडेचारला मशीनवर लावलं तेव्हा शुगर १३८ आली. रिपोर्ट बघायला एकदम छान. पण आजींची महिन्याभरापूर्वीची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ८.९ होती, आणि एवढी सरासरी असलेल्या माणसाची नाश्त्यानंतर दोन तासांची शुगर १३८ सहसा येत नाही. जुना रिपोर्ट बाजूला ठेवून बघितला म्हणून लक्षात आलं, नाहीतर गोळी कमी झाली असती. दुसऱ्या दिवशी पैसे न घेता परत तपासलं तर शुगर दोनशेच्या वर. चूक सॅम्पल घेणाऱ्या मुलीची कमी आणि माझ्या त्या एका ओळीची जास्त होती.

त्या दिवसापासून मी लॅबची वेळ उलटी मोजत जाते. लाईट १० ला जाणार. त्याच्या आधी सॅम्पल फिरवून, मशीनवर लावून झालं पाहिजे. प्लेन बल्बमधलं रक्त गोठायला अर्धा तास, फिरवायला दहा मिनिटं, शिवाय गर्दीची थोडी सूट धरायची, आणि शटडाऊनवाले कधी कधी पाच-दहा मिनिटं आधीच स्विच पाडतात. म्हणजे शेवटचं सॅम्पल ९ वाजता. आता जेवणानंतरची शुगर घ्या. पेशंट अगदी साडेसातला आला आणि पावणेआठला खाल्लं तरी दोन तासांनी पावणेदहा होतात, ते सॅम्पल लाईट असेपर्यंत निघत नाही. फ्लोराईड बल्बमध्ये घेतलं तर साखर बऱ्यापैकी टिकते हे खरं, पण त्यातही पहिल्या तास-दोन तासांत थोडी घसरण होतेच, आणि गडबडीच्या दिवशी कुणीतरी बल्ब चुकवतोच. म्हणून मी सरळ लिहिते की त्या दिवशी जेवणानंतरची शुगर होणार नाही, दोन्ही शुगर करायच्या असतील तर आदल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी या. उपाशी राहून आलेल्या डायबिटीसच्या माणसाला दाराशी येऊन परत फिरवणं हे नुसतं गैरसोयीचं नसतं, गोळी किंवा इन्सुलिन घेऊन आला असेल तर त्याची शुगर उतरून चक्कर येऊ शकते. तेव्हा "९ नंतर उपाशी येऊ नका" ही ओळ नोटिशीत स्पष्ट पाहिजे. आणि ४ ला लाईट आली की लगेच लॅब चालू असंही नाही, मशीन तापायला, कंट्रोल लावून आकडे बरोबर येतायत ना बघायला तासभर जातो. लॅब ५.३० नंतर असं लिहा, संध्याकाळच्या ओपीडीबरोबर.

लसीचा प्रकार अजून वेगळा. लसी २ ते ८ डिग्रीमध्ये राहायला लागतात. मे महिन्याच्या उकाड्यात साधा फ्रिज सहा तास हे टेंपरेचर धरून ठेवेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, त्यात कोणी एकदा दार उघडलं की संपलंच. इन्व्हर्टरवर फ्रिज टाकू नका, कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका मारतो त्यात छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि मग पंखाही जातो. आम्ही आदल्या रात्री आईस पॅक गोठवून ठेवतो, सकाळी बाहेर काढून थांबतो, पॅक हलवला की आत पाणी हलल्याचा आवाज आला पाहिजे, मगच लस कोल्ड बॉक्समध्ये त्यांच्याबरोबर ठेवायची. तसा थेट फ्रीजरमधून काढून कडक पॅक लावला तर डीपीटी, टीडी, हेपेटायटीस बी यांसारख्या लसी गोठतात आणि गोठलेली लस टाकून द्यावी लागते, गरम होण्याइतकंच हेही वाईट. थर्मामीटरचा सेन्सर बॉक्सच्या आत आणि आकडा दिसणारा भाग बाहेर, दर तासाला आकडा वहीत लिहायचा, आणि दिवसभर बॉक्स उघडायचा नाही. उघडायचा नाही म्हणजे लस द्यायचीही नाही. लाईट आल्यावर फ्रिज परत ८ च्या खाली येऊन तिथे स्थिर झाल्याशिवाय लस आत ठेवायची नाही, म्हणून मी लसीकरण त्या संध्याकाळीही ठेवत नाही, दुसऱ्या दिवसापासून ठेवते.

हे सगळं पेशंटला सांगायची गरज नाही, त्याला एवढंच सांगायचं की गुरुवारी लस नाही, शुक्रवारपासून आहे, आणि बाळाच्या नेहमीच्या लसीला एक दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही. हे शेवटचं वाक्य जरूर घाला, नाहीतर आया घाबरून दिवसभर फोन करतात. पण यात एक अपवाद आहे आणि तो नोटिशीवर सोडायचा नाही. कुत्रा चावल्याची लस. तिचे दिवस ठरलेले असतात, ०, ३, ७ आणि पुढचे, आणि त्यात "चला उद्या घेऊ" म्हणायचं नसतं. रजिस्टर काढा, १४ तारखेला कोणाचा डोस आहे ते बघा आणि त्या माणसाला स्वतः फोन करा, गुरुवारी सकाळी ९ च्या आत बोलवा किंवा महापालिकेच्या रुग्णालयात पाठवा, तुम्ही तर परळलाच आहात, केईएम पायी जाण्यासारखं आहे. कार्ड बरोबर न्यायला सांगा, आधीचे डोस कुठल्या पद्धतीने दिलेत ते तिथे दाखवावं लागतं.

आता लिफ्ट. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात म्हणजे हा मुद्दा लॅबइतकाच मोठा आहे आणि तुमच्या नोटिशीत तो नाहीच. "लिफ्ट बंद राहील" एवढं पण नका लिहू. आज संध्याकाळी घरी जाताना पायऱ्या मोजा. आमच्याकडे ४४ आहेत, आणि मी नोटिशीत "४४ पायऱ्या" असंच लिहिते, कारण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला दुसरा मजला म्हटल्यावर अंदाज येत नाही, ४४ म्हटल्यावर लगेच येतो. त्यांच्यासाठी वेळ द्या, ९ ते ९.३० किंवा संध्याकाळ, आणि ९.४५ नंतर लिफ्टमध्ये बसूच नका असं लिहा, दहाला पाच कमी असताना वर निघालेला माणूस मध्ये अडकू शकतो. आमचे सर तर त्या दिवशी साडेअकराला खाली वॉचमनच्या केबिनशेजारी खुर्ची टाकून अर्धा तास बसतात आणि ज्यांना चढवत नाही त्यांना तिथेच बघतात. तुमचे सर तयार असतील तर विचारा.

बाकीचं पटपट सांगते. कॉम्प्युटर बंद म्हणजे जुने रिपोर्ट दिसणार नाहीत, तर फाईल आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणायला सांगा. लँडलाईन वायफायच्या डब्यावर चालत असेल तर तीही मरते, त्या दिवसासाठी मोबाईल नंबर द्या. बिल्डिंगचा पंप बंद असेल तर वरच्या टाकीतलं पाणी संपेपर्यंतच बाथरूमला पाणी, म्हणून दोन बादल्या भरून ठेवा. ऑटोक्लेव्ह इन्व्हर्टरवर अजिबात लावू नका, ड्रेसिंगचे सेट बुधवारी रात्रीच निर्जंतुक करून ठेवा, मग ड्रेसिंग आणि टाके काढणं आरामात चालू राहतं. ईसीजी मशीनला बॅटरी असते, पण ती चार्ज आहे का आणि खरंच चालते का ते बुधवारी प्लग काढून एक ईसीजी काढून बघा, मगच "ईसीजी होईल" असं लिहा.

भाषेबद्दल दोन गोष्टी. "उद्या" आणि "परवा" हे शब्द नोटिशीत कुठेही नकोत. मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरत चौथ्या दिवशी पोचतो आणि तिथे "उद्या" म्हणजे भलताच दिवस होतो, परवा तर आपल्याकडे मागचाही असतो आणि पुढचाही. दर वेळी वार आणि तारीख दोन्ही लिहा, आणि वेळेच्या आधी सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दुसरं म्हणजे "खंडित", "उपलब्ध", "नमूद" असले शब्द काढा, आपल्या पेशंटच्या तोंडी "लाईट नाही" असतं तर तेच लिहा. मी लिहिली असती तर अशी:

"पेशंटसाठी सूचना. गुरुवार, १४ मे.

गुरुवारी सकाळी १० ते दुपारी ४ बिल्डिंगमध्ये लाईट नसेल. डॉक्टर मात्र नेहमीच्या वेळेलाच बसणार आहेत, सकाळी ९ ते १ आणि संध्याकाळी ५.३० ते ९. तपासणी, बीपी, औषधं लिहून घेणं, ड्रेसिंग, टाके काढणं हे सगळं होईल.

लिफ्ट बंद असेल, ४४ पायऱ्या चढाव्या लागतील. ज्यांना चढायला त्रास होतो त्यांनी सकाळी ९ ते ९.३० किंवा संध्याकाळी ५.३० नंतर या. सकाळी ९.४५ नंतर लिफ्टमध्ये बसू नका.

रक्त तपासणी: उपाशीपोटीचं रक्त सकाळी ७.३० ते ९ या वेळेतच घेतलं जाईल. ९ नंतर उपाशी येऊ नका. जेवणानंतरची शुगर गुरुवारी होणार नाही. दोन्ही शुगर करायच्या असतील तर बुधवार १३ मे किंवा शुक्रवार १५ मे या दिवशी या. लॅब संध्याकाळी ५.३० ला परत सुरू होईल.

लस: गुरुवारी लस दिली जाणार नाही. शुक्रवार १५ मेपासून मिळेल. बाळाच्या लसीला एक दिवस उशीर चालतो. कुत्रा चावल्याच्या लसीचा दिवस मात्र चुकवू नका, आम्हाला आजच फोन करा.

दम्याच्या पेशंटनी आपला पंप आणि स्पेसर बरोबर आणा. सगळ्यांनी जुनी फाईल आणि चालू गोळ्या आणा, त्या दिवशी कॉम्प्युटर बंद आहे. क्लिनिकचा लँडलाईन लागणार नाही, या मोबाईलवर फोन करा.

छातीत दुखणं, खूप दम लागणं, तोंड वाकडं होणं किंवा हातपाय लुळे पडणं असं काही झालं तर क्लिनिकला यायची वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा."

यातल्या पायऱ्या, वेळा तुमच्या तुम्ही बदला आणि मोबाईल नंबर घाला. लांब वाटली तरी कापू नका, फक्त प्रत्येक भागात मोकळी ओळ सोडा, म्हणजे ज्याला लसीचं बघायचंय तो थेट तिथेच जातो.

पाठवताना एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट फक्त त्यांनाच पोचते ज्यांनी तुमचा क्लिनिकचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलाय. तुम्हाला वाटतं ३०० जणांना गेला, आणि ज्यांनी नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्याकडे तो आलेलाच नसतो. म्हणून गुरुवारच्या अपॉइंटमेंटची वही समोर घ्या आणि बुधवारी एकेकाला फोन करा, वीस-पंचवीस फोन असतात, तासाभराचं काम. शुगरवाले, गुडघेवाले आणि कुत्रा चावलेले आधी. मेसेज टेक्स्टमध्येच पाठवा, फोटो नको, फोटोतली अक्षरं मोठी करताना म्हातारी माणसं वैतागतात आणि टेक्स्ट असेल तर नातू वाचून दाखवतो. कागद तीन ठिकाणी लावा: खाली गेटवर, लिफ्टच्या दारावर आणि शेजारच्या केमिस्टकडे. क्लिनिकच्या दारावर लावून उपयोग नाही, तिथपर्यंत माणूस ४४ पायऱ्या चढून आलेला असतो. मेसेज एकदा आठवडाभर आधी, एकदा मंगळवारी आणि शेवटचा बुधवारी संध्याकाळी सातच्या आत, कारण त्या रात्रीच लोक ठरवतात सकाळी उपाशी राहायचं की नाही.

आणि दोन मेसेज आत्ताच टाईप करून ठेवा. एक, शटडाऊन रद्द झालं तर पाठवायचा, असं बऱ्याचदा होतं: "गुरुवार १४ मेचं काम रद्द झालंय, सगळं नेहमीसारखं चालू आहे." दुसरा, लाईट ४ ला आली नाही तर पाठवायचा. सव्वाचारला कंपनीला फोन करा, अजून किती वेळ ते विचारा, आणि साडेचारला तो पाठवा म्हणजे संध्याकाळी येणारा माणूस घरातून निघायच्या आधी वाचेल. लाईट आली की आधी बॉक्समधलं थर्मामीटर बघून आकडा लिहा, मग फ्रिज चालू करा, आणि कोणालातरी खाली पाठवून तिन्ही कागद काढायला सांगा, गेटवरचा सगळ्यात आधी.